पेढा आणि गळाभेट

आजच्या माझ्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि स्नेहवर्धिनी शिक्षण संस्थेचे सर्वेसर्वा माननीय मालोजीराव, आपली कामं बाजूला ठेवून आलेले प्रमुख पाहुणे विष्णूजी, प्राचार्या पूर्णिमाजी, व्यासपीठावर ज्यांना खुर्ची मिळाली ते पदाधिकारी, ज्यांना मिळाली नाही म्हणून खाली तोंड फुगवून बसलेत ते पदाधिकारी, माझे सहकारी शिक्षक, पालक, आणि पोहे-जिलबीच्या वासानं ज्यांचं चित्त केव्हाच विचलित झालंय ते माझे विद्यार्थी मित्रहो, सगळ्यांना माझा नमस्कार.

माझ्याबद्दल आत्ता जे बोललं गेलं ते ऐकून मला वाटलं, ही वसुंधरा कोण बाई आहे, हिला एकदा भेटायला पाहिजे. पूर्णिमाजी म्हणाल्या, मी शाळेचा 'कणा' आहे. मालोजीराव म्हणाले, मी शाळेची 'माउली' आहे. हा कणा आणि ही माउली शाळेची समुपदेशक म्हणून जिन्याखालच्या खोलीत बसत होती, आणि त्या खोलीत बँडचे ढोल, गणपतीची मखरं आणि फुटका ग्लोब हेही राहत होते. रडणारं मूल आलं की आधी ढोल सरकवायचा, मग त्याला बसवायचं. पण असो. शाल चांगली आहे, नारळही पाण्यानं भरलेला वाटतो. मनापासून आभार.

आमच्या रजतसरांनी सूत्रसंचालन फार गोड केलं. त्यांनी मघाशी मला कानात सांगितलं, "ताई, थोडक्यात घ्या, तुमच्यानंतर एक सरप्राइज आहे." रजतसर, सरप्राइज कसलं डोंबलाचं? कार्यक्रमपत्रिकेत छापलंय की. क्रमांक पाच, वसुंधराताईंचं मनोगत. क्रमांक सहा, 'ताईंना अनोखी भेट: गळाभेट'. आणि खाली दोन मुलांची नावं, इयत्ता आणि तुकडीसकट. क्रमांक सात, अल्पोपाहार. छपाई सुरेख आहे. दोन मुलांची अब्रू अशा गुळगुळीत कागदावर छापलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

ती नावं मी घेणार नाही. तुम्ही छापलीत, तुम्ही निस्तरा. माझ्या बोलण्यात एक मुलगी आहे आणि एक मुलगा आहे, एवढंच. त्या मुलीला आणि तिच्या आईला मी काल विचारलं होतं, उद्या मी काय सांगितलेलं चालेल? मुलगी म्हणाली, "गाण्याचं सांगा. कानातलं पण सांगा. बाकी नको." तेव्हा मी गाण्याचं आणि कानातलं सांगणार आहे, आणि तिची तब्येत कशी बिघडली ते तिच्या आईनं सांगायला सांगितलं तेवढं. हे ऐकून झाल्यावर क्रमांक सहा करायचा की नाही ते अध्यक्षांनी ठरवावं. अध्यक्ष महाराज, म्हणून जरा कान इकडे द्या, मोबाइल नंतर.

पाहुण्यांना आमची प्रथा माहीत नसेल, तर सांगते. आमच्या संस्थापकांनी एक फार सुंदर पद्धत घालून दिली. शाळेत दोन मुलांचं भांडण झालं, की शनिवारी प्रार्थनेनंतर दोघांना स्टेजवर बोलवायचं, गळाभेट घ्यायला लावायची, दोघांच्या तोंडात एक-एक पेढा. बात खतम. चेंडूवरून भांडण, बाकावरून भांडण, 'तू माझ्या आईवरून बोललास' असं भांडण, सगळ्यांवर हाच उतारा. आणि मी खोटं बोलणार नाही, भांडणाला तो लागू पडतोही. दोन बरोबरीची पोरं दुपारपर्यंत पुन्हा एकमेकांच्या डब्यात हात घालतात. मी स्वतः या शाळेची विद्यार्थिनी, मीही पेढे खाल्लेत.

पण भांडण वेगळं आणि छळ वेगळा, हे मी या संस्थेला किती वेळा सांगितलं असेल? भांडणात दोघं मारतात, दोघं चिडतात, दोघांची चूक थोडी-थोडी असते. छळात एकच बाजू मारते, पुन्हा पुन्हा मारते, आणि दुसरीला उलट मारताच येत नाही, कारण ती एकटी असते, नवी असते, किंवा तिच्या बाजूनं हसणारं कोणी नसतं. अशा दोघांना समोरासमोर उभं करून 'दोघं सॉरी म्हणा' म्हणायचं, म्हणजे जिचा पाय चिरडला तिला 'पाय मध्ये का ठेवलास' विचारण्यासारखं आहे. पूर्णिमाजी मला नेहमी म्हणायच्या, "ताई, टाळी एका हातानं थोडीच वाजते?" पूर्णिमाजी, टाळी वाजत नाही. थप्पड एका हातानंच वाजते.

तर गाण्याची गोष्ट. ही मुलगी जुलैत महाराष्ट्रातून इथं इंदूरला आली. वडील पीथमपूरच्या कारखान्यात इंजिनिअर, घर माझ्याच राजेंद्र नगरात. आठवीत प्रवेश घेतला. आई म्हणाली, नवं गाव आहे, पण शाळा मराठी माणसांची आहे, आपलीच माणसं असतील. आपलीच माणसं. आपले पणजोबा इथं मिलमध्ये कारकून म्हणून आले तेव्हा कोणाचे होते, ते सध्या राहू द्या.

त्याच आठवड्यात स्वच्छतेच्या तपासणीचे लोक शाळेत येणार होते. आता इंदूरच्या माणसाला मी हे काय सांगू? आपल्याकडे लहान पोर 'आई' म्हणायच्या आधी ओला कचरा-सुका कचरा म्हणतं. त्याचा मलाही अभिमान आहे, भिया, उगाच भुवया वर करू नका. पण जी पोर परवा परवा दुसऱ्या गावाहून आली, तिनं मधल्या सुट्टीत केळं खाल्लं आणि साल निळ्या डब्यात टाकलं. सुक्या कचऱ्यात. समोर तपासणीवाले उभे. मॉनिटर धावला, वर्गशिक्षिका धावल्या, पूर्णिमाजी धावल्या. केळाच्या एका सालासाठी इतकी माणसं धावताना मी पूर्वी पाहिली नव्हती. पाहुणे गेल्यावर त्या पोरीला वर्गासमोर उभं करून हिरवा डबा कोणता, निळा डबा कोणता, हे म्हणायला लावलं. ती चुकली नाही. पण वर्गातला एक मुलगा मागून म्हणाला, "अरे, ये तो खुद कचरा है." आणि त्यानं तोंड मिटून कचरा गाडीचं गाणं गुणगुणायला सुरुवात केली.

ते गाणं आपल्या सगळ्यांच्या कानात आहे. सकाळी गाडी गल्लीत शिरली की वाजतं, आपण डबे घेऊन पळतो. वर्ग हसला. शिक्षिकाही हसल्या, नंतर म्हणाल्या, "मुलं आहेत."

दुसऱ्या दिवशी ती वर्गात शिरली, तेव्हा पुन्हा तेच. आता दोघं-तिघं. मग ती डबा उघडताना. मग ती फळ्याशी गेली की. शब्द नाही, शिवी नाही, हात लावला नाही, वहीवर काही लिहिलं नाही. नुसतं नाकातून गुणगुणणं. कोणत्या मास्तराला सापडणार ते? 'कोण गातंय रे?' विचारलं की पस्तीस पोरं आकाशाकडे बघतात. तक्रार करायची तर काय करणार ती? 'मॅडम, हे स्वच्छतेचं गाणं म्हणतात'?

तिनं तेही केलं. वर्गशिक्षिकेला जाऊन सांगितलं. शिक्षिका म्हणाल्या, "अगं, मग म्हणू दे की, चांगलं गाणं आहे."

आता यापुढचं ऐकून विष्णूजींना वाटेल मी रचून सांगते आहे. पूर्णिमाजी एकदा व्हरांड्यातून जात होत्या, त्यांना आठवीच्या वर्गातून ते गाणं ऐकू आलं. त्यांना भरून आलं. त्यांनी त्या वर्गाला 'स्वच्छताप्रेमी वर्ग' म्हणून ढाल दिली आणि शनिवारी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या वर्गाला स्टेजवर आणून तेच गाणं म्हणायला लावलं. ही मुलगी उंचीनं लहान, म्हणून पहिल्या ओळीत, मधोमध. मागे तिचा अख्खा वर्ग उभा राहून गातोय, समोर सगळी शाळा टाळ्या वाजवतेय. अक्कल विकत मिळत असती, तर मी त्या दिवशी संस्थेच्या नावानं उधारीवर आणली असती. पूर्णिमाजी, खाली बघू नका, ढाल अजून तुमच्या केबिनमध्येच आहे.

मला हे कुठून कळलं? तिच्या पोटातून. सोमवार आला की पोट दुखायचं. डॉक्टरांनी तपासलं, सोनोग्राफी केली, काही नाही. काही नाही म्हणजे नाटक, असं आपल्याकडे धरून चालतात. पोट खरंच दुखतं हो. भीतीनं आतडी आवळतात, कळ येते, ती खोटी नसते. मग कळलं की ती शाळेत पाणी पीत नाही. पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागतं, बाथरूमला जायचं तर बाकांच्या मधून जावं लागतं, आणि मधून गेलं की गाणं. त्यातून लघवीचा त्रास सुरू झाला, ताप आला. पहिल्या चाचणीत गणितात चांगले गुण होते, दुसरीत निम्म्यावर. सर म्हणाले, लक्ष नसतं. लक्ष होतं की, सगळं लक्ष कानात होतं. कोण कुठून सुरू करेल, याच्यावर पहारा ठेवणारा मेंदू समीकरणं कधी सोडवणार?

आणि घरी तरी सुटका आहे का? राजेंद्र नगरात रोज सकाळी खरी गाडी येते. तेच गाणं लावून. आई डबे घेऊन खाली जाते आणि ही बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसते. दिवसातून किती वेळा अंघोळ, किती वेळा हात धुणं, हाताची चामडी फाटायला आली. आई बिचारी आधी खूश झाली, पोरगी इंदूरला येऊन टापटीप झाली म्हणून. माझ्याकडे आली तेव्हा त्या मुलीनं मला विचारलं, "मॅडम, माझ्यातच काहीतरी असेल ना? नाहीतर मलाच का म्हणतील?" छळाचं खरं काम इथं पूर्ण होतं. त्यानंतर छळणाऱ्यानं तोंड उघडलं नाही तरी चालतं, कारण पोर स्वतःच स्वतःला ते गाणं म्हणू लागते.

आणि हे शाळेबरोबर सुटत नाही. स्नेहलतागंजमध्ये माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, नातवंडंवाले, हुशार. कोणी जवळपास हसलं की अजूनही आधी आपल्या शर्टाची बटणं तपासतात. त्यांच्या शाळेतले लोक त्यांना स्नेहसंमेलनाला बोलवतात आणि हे का येत नाहीत म्हणून नवल करतात.

मी लेखी दिलं, तोंडी सांगितलं. दोघांशी वेगवेगळं बोला, समोरासमोर आणू नका. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात एक मोठं माणूस उभं करा. तिची तुकडी बदलू नका, नाहीतर शिक्षा तिलाच होईल. मुलाच्या घरी बोला. महिनाभर पुन्हा पुन्हा विचारत राहा, थांबलं का. संस्थेचं उत्तर काय आलं? 'यंदा आपण तक्रारमुक्त शाळेच्या ढालीसाठी पात्र आहोत. नकारात्मकता टाळावी.' अहो, ढाल. पुन्हा ढाल. इतक्या ढाली आहेत या संस्थेकडे, एक त्या पोरीच्या पुढे धरता आली नाही.

आणि दिवाळीनंतर मी एका प्रशिक्षणासाठी भोपाळला गेले असताना यांनी परस्पर गळाभेट उरकून घेतली. शनिवार, स्टेज, पेढा, फोटो. फोटो पालकांच्या ग्रुपवर. तुम्ही सगळ्यांनी त्याला हात जोडले, फुलं टाकली. फोटोत मुलगी हसते आहे, बघितलंय ना? आता कानातलं सांगते. गळाभेट घेताना त्या मुलानं तिच्या कानाशी तोंड नेऊन ते गाणं गुणगुणलं. सगळ्या शाळेसमोर, तुमच्या टाळ्यांच्या आवाजात. ती ओरडली असती तर तुम्हीच म्हटलं असतं, काय बाई मन मोठं करत नाही. म्हणून ती हसली, आणि मग तुम्ही तिच्या तोंडात पेढा घातलात.

त्या दिवसापासून ती शाळेत येत नव्हती. हजेरी भरत नाही म्हणून तिच्या वडलांना बोलावून सांगितलं गेलं, "आपल्या मुलीला ॲडजस्ट होत नसेल तर दुसरी शाळा बघा, नाहीतर निरोप समारंभात सगळ्यांसमोर एकदा मिटवून टाका." हे कोणी सांगितलं ते सांगायची गरज नाही, या मंचावरच्या खुर्च्या मोजक्याच आहेत. त्या बापानं नोकरी नवी, गाव नवं, मान डोलावली. म्हणून आज ती इथं आहे. पहिल्या रांगेत जिन्याजवळ दोन खुर्च्या सजवून ठेवल्या होत्या, एक रिकामी दिसतेय. मी तिच्या आईला सांगितलं, मागे दाराजवळ बसा. मुलगी मला काल म्हणाली, "नाव पुकारलं तर मी जाईन मॅडम. नाही म्हणता येणार नाही मला." म्हणून मी बोलते आहे. नाव पुकारलं जायच्या आधी.

आता त्या मुलाबद्दल. तुम्हाला वाटत असेल, बाई आता त्याला फाडून खाणार. मुळीच नाही. त्यानं केलं ते घाण केलं, त्याची भरपाई त्यानंच करायची आहे, आणि ती स्टेजवर करायची नाही. पण हे तो कुठून शिकला, ते विचारायचं नाही का? मागच्या स्नेहसंमेलनात याच माईकवर एका आजोबांनी आपल्या नातवाची ओळख करून दिली. 'आमचा नमुना, गणितात भोपळा, डोकं फक्त टोपी घालायला.' पोटभर हशा झाला. आजोबा विनोदीच आहेत, मारुती शिपायाच्या चालीची नक्कलही ते फार छान करतात, त्यालाही आपण हसतो, बिचारा मारुतीही हसतो. मी त्या वेळी मुलाकडे बघत होते. कान लालबुंद, आणि तोंडावर हसू. ज्याच्यावर हसतात तो मरतो आणि जो हसवतो तो वाचतो, हे त्या मुलानं त्या रात्री घट्ट पाठ केलं. आजोबा कोण, ते हॉलला ठाऊक आहे. मालोजीराव, पाणी घ्या. मारुती, साहेबांना पाणी दे.

अशा मुलाला शाळेतून काढलं की प्रश्न सुटतो असं काहींना वाटतं. तो प्रश्न दुसऱ्या शाळेत प्रवेश घेतो, एवढंच. आणि पाठीशी घातलं तर याहून वाईट. मोठेपणी असा माणूस बायकोला हसतो, हाताखालच्या माणसाला हसतो, आणि मग एखाद्या संस्थेचा अध्यक्ष होतो. त्याला एक ठाम 'नाही' हवं आहे आणि त्याच्याबरोबर एक असं माणूस हवं आहे जे त्याच्यावर हसणार नाही. दोन्ही एकदम. यातलं एकही आपण दिलेलं नाही.

आणि तुम्ही बाकीचे? तुम्ही काही केलंच नाही, नाही का? अपने को क्या, हे आपल्या शहराचं दुसरं गाणं आहे. वर्गात गुणगुणणारे चार-पाच. बाकीचे हसणारे, किंवा वहीत डोकं घालणारे. मी त्या वर्गातल्या एकेकाला वेगळं बसवून विचारलं, तुला हे आवडतं का? बहुतेकांनी सांगितलं, नाही आवडत, पण बाकी सगळ्यांना आवडतं. प्रत्येकाचं हेच उत्तर. म्हणजे कोणालाच आवडत नव्हतं, आणि अख्खा वर्ग एकमेकांच्या भीतीनं हसत होता. एक मुलगी माझ्याकडे डोकेदुखीची गोळी मागायला यायची. तिला कोणी छळत नव्हतं. ती म्हणाली, "मी हसले नाही तर पुढचा नंबर माझा. आणि हसले की रात्री झोप येत नाही." बघणाऱ्यालाही इजा होते. तो शिकतो की गप्प बसणं म्हणजे शहाणपण, आणि मग जन्मभर शहाणा राहतो. इथं समोर असे कितीतरी शहाणे कोट घालून बसलेत.

मुलांनो, तुम्हाला वाटतं थांबवायचं म्हणजे मारामारी करायची. नाही रे. छळणाऱ्याला पोट भरायला इतरांचं हसू लागतं. एकानं साध्या आवाजात 'बस कर' म्हटलं, तर पुष्कळ वेळा तिथल्या तिथं थांबतं. ते जमत नसेल तर नंतर जाऊन तिच्याशेजारी बसा. तेही जमत नसेल तर मोठ्या माणसाला सांगा. ती चुगली नव्हे. चुगली कोणाला अडकवायला करतात, हे कोणाला सोडवायला सांगायचं असतं. आणि मोठं माणूस ढालवालं निघालं, तर दुसरं मोठं माणूस शोधा.

थांबा. एक मिनिट.

ऐकू येतंय? मागून, डावीकडून. येतंय ना? तेच. तोंड मिटून. नाही, मारुती, जाऊ नकोस, कोणाला पकडायचं नाही. आणि तुम्ही, दुसऱ्या रांगेतले, तुम्ही हसताय. शिक्षक आहात तुम्ही.

पूर्णिमाजी, घंटी वाजवू नका. ऐकू द्या सगळ्यांना.

आणि हेही बघा, पहिल्या रांगेतला मुलगा गुणगुणत नाहीये. मी त्याच्याकडेच बघते आहे. त्यानं कानांवर हात ठेवलेत. गाणं आता त्याचं राहिलं नाही. त्यानं सुरू केलं, आणि आता ते त्याच्यावाचून चाललंय, आणि ते त्यालाही थांबवता येत नाही.

कोण उठलं? शलाका?

काय म्हणालीस, बेटा? मोठ्यानं बोल, तुझ्याकडे माईक नाही.

"बस करो यार. अच्छा नहीं लगता."

ऐकलंत? आता कान लावा. थांबलं की नाही? ढाल नाही, पेढा नाही, ठराव नाही. आठवीतली एक मुलगी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलंय, आणि जे या संस्थेला अख्ख्या वर्षात जमलं नाही ते तिनं बसल्या जागेवरून उठून केलं. टाळ्या नकोत. टाळ्या वाजवायचा तुमचा अनुभव दांडगा आहे, पण आत्ता नकोत. ती दाराजवळ चालली आहे, तिला जाऊ द्या. शेजारची खुर्ची द्या तिला, हो, तीच. बसली.

तिच्यामागून आणखी दोघी उठल्या आहेत. जा गं, जा. खुर्च्या नसतील तर खाली बसा.

अध्यक्ष महाराज, मी आता थांबते. माझी जागा भरली जाणार नाही असं कळलं, त्या खोलीत ढालींचं कपाट येणार आहे म्हणे. ठीक. ढोल तेवढे आधी हलवा. पहिल्या रांगेतल्या माझ्या बाळा, माझं घर राजेंद्र नगरात आहे, तुझ्या आईला माहीत आहे. तिला सांगून कधीही ये. माझ्याकडे कोणी तुझ्यावर हसणार नाही, आणि तू काय केलंस त्याबद्दलही आपण नीट बोलू. तेही सुटणार नाही.

आणि दाराजवळच्या मुली, तुला कोणी बोलावलं तरी वर यायचं नाही. 'नाही' म्हणायची गरज नाही, ते मी म्हटलंय. क्रमांक सहा रद्द. रजतसर, पत्रिकेवर रेघ मारा. नाही, मालोजीरावांकडे बघू नका, त्यांनी ऐकलंय, आणि या हॉलमधल्या सगळ्या पालकांनी ऐकलंय. तिच्या वडलांना दाखला न्यायला लावलात, तर हे सगळे विचारायला येतील का, हे मी आता यांच्याकडे सोपवते.

शाल, नारळ, फुलं, चहा आणि इतकी वर्षं दिलेला पगार, यांबद्दल मी संस्थेची ऋणी आहे. माझ्या बोलण्यात कोणा मुलाचं मन दुखावलं असेल, तर त्याची मी हात जोडून क्षमा मागते. मोठ्यांचं दुखावलं असेल, तर जरा दुखू द्या. पूर्णिमाजी पेढ्याचं ताट घेऊन उभ्या राहिल्या आहेत, मालोजीरावही हात पसरून उठलेत, फोटोवाला तयार आहे, दिसतंय मला. प्रथा आहे, मान्य.

पण नको. मी गळाभेट घेणार नाही. मी मागे दाराजवळ जाऊन बसते.